चिडलेल्या गिऱ्हाइकाला रिफंडचं उत्तर: माफी एकदाच, आणि शब्द आपल्या हातातलाच

९ तारखेला सकाळी सव्वानऊला, दुकानाचं शटर अजून अर्धंच वर होतं, तेवढ्यात निपाणीच्या एका काकूंचा मेसेज आला. "पैसे घेताना दोन सेकंद लागत नाहीत, परत द्यायला हात जड होतो काय वो तुमचा? रोज नुसतं सॉरी सॉरी. मला सॉरी नको, माझे २,४५० रुपये कुठं आहेत ते सांगा."

मी बेळगावात, शहापूरच्या एका साडीच्या दुकानाची ऑनलाइन बाजू बघतो, म्हणजे ऑर्डरी, रिटर्न, आणि अशा मेसेजना उत्तरं. काकूंचा मेसेज वाचून मी आधी वर स्क्रोल करून आमच्याच माणसांनी आधी काय काय लिहिलंय ते वाचलं. चार उत्तरं होती आणि त्यात सॉरी, माफ करा, दिलगीर आहोत असं मिळून सात वेळा लिहिलेलं, दोन ठिकाणी हात जोडलेला इमोजी, एका ठिकाणी "२४ तासांत नक्की जमा होतील", आणि पैसे आत्ता नेमके कुठं आहेत हे चारपैकी एकाही उत्तरात नाही. काकू चिडल्या त्यात नवल काही नाही. हे एकच प्रकरण धरून सांगतो, कारण रिफंडच्या उत्तरात जे जे बिघडतंय ते जवळजवळ सगळं ह्यात होतं.

आधी झालं काय ते. काकूंनी मोरपंखी साडी मागवलेली, आमच्याकडून गेली बाटली हिरवी. साडी परत आली ती २ तारखेला, गुरुवारी. तपासून ४ तारखेला शनिवारी संध्याकाळी आमच्या पोरानं पेमेंट गेटवेच्या, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या, स्क्रीनवर रिफंडचं बटण दाबलं आणि लगेच काकूंना लिहिलं, रिफंड झाला, २४ तासांत खात्यात येतील. इथंच खरी गंमत असते ती बाहेरच्यांना माहीत नसते, आणि कितीतरी दुकानात उत्तर लिहिणाऱ्यालाही नसते. बटण दाबलं म्हणजे पैसे गेले असं होत नाही. गेटवे रिफंडचे पैसे सहसा आमच्याच जमा होणाऱ्या पैशातनं कापून घेतो, त्या दिवशी आमची शिल्लक कमी असली तर रिफंड नुसता रांगेत उभा राहतो. शनिवारी तसंच झालं, शिल्लक नव्हती, रविवार गेला, सोमवारची विक्री जमा झाली आणि ७ तारखेला मंगळवारी रिफंड खरोखर पुढं गेला. म्हणजे "रिफंड झाला" हे वाक्य लिहिलं त्या वेळी खोटं होतं, लिहिणाऱ्याला मात्र ते खोटं आहे हे माहीतच नव्हतं.

आता माफीचं. लोकांना वाटतं की समोरचा जेवढा तापलाय तेवढी माफी जास्त मागायची, म्हणजे तो निवतो. उलटं होतंय. पहिली माफी माणूस वाचतो, कारण त्यात कबुली असते. दुसऱ्या मेसेजला परत माफी आली की तो त्यात बातमी शोधतो, आणि बातमी नसली की त्याला कळतं की ह्यांच्याकडं सांगायला काही नाही म्हणून माफी पुढं करायलेत. तिसऱ्यांदा तर ती टाळाटाळच वाटते. म्हणून आमच्याकडं आता नियम असा की एका चुकीला एक माफी, पहिल्या उत्तरात, पहिल्या दोन वाक्यांत, आणि नंतर त्या चुकीबद्दल परत तो शब्द नाही. पुढच्या उत्तरात फक्त काय झालं, काय चाललंय, पुढं कधी सांगणार एवढंच. नवीन चूक झाली, समजा आपण दुपारी सांगतो म्हणून रात्री सांगितलं, तर त्या नवीन चुकीची नवीन माफी, ती पण एकदाच.

आणि ती एक माफी नेमकी पाहिजे. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" ही माफी नव्हे, तो रबरी शिक्का आहे, कुठल्याही कागदावर मारा. "तुम्हाला त्रास झाला असल्यास क्षमस्व" तर त्याहून वाईट, कारण त्या "असल्यास" मध्ये आपण काकूंनाच विचारतोय की खरंच त्रास झाला काय हो तुम्हाला. मराठीत अजून एक पळवाट आहे ती आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेली आहे, "चूक झाली". कुणाकडनं झाली? जणू पाऊस पडला तशी ती आपोआप झाली. "आम्ही चुकीची साडी पाठवली" असं लिहिलं की करणारा वाक्यात येतो, आणि मग "माफ करा" हे दोन शब्द पुरतात, "मनःपूर्वक" नको आणि "अत्यंत" पण नको. कन्नडमध्ये लिहिणाऱ्या गिऱ्हाइकालाही हेच, बैलहोंगलहून कुणी विचारलं "रोक्क यावाग बर्तैत्री", म्हणजे पैसे कधी येतात, तर त्याला त्याच्याच भाषेत, आधी आमचं काय चुकलं ते आणि एकदा माफीचं "तप्पात्री", की लगेच पैशाचा पत्ता. मराठीतनं उत्तर दिलं तर त्याचा अर्धा राग तिथंच वाढतो, हे सीमाभागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

चूक आपली नसली तर माफी मागूच नका असं माझं मत आहे, काही जणांना हे पटत नाही. आपण वेळेवर रिफंड पाठवलाय, बँकेकडं तीन दिवस झालेत, माणूस चिडलाय. तिथं "सॉरी" लिहिलं की तो म्हणतो, बघा, ह्यांनीच कबूल केलं. त्याऐवजी त्याची अडचण खऱ्या शब्दांत लिहायची, "महिनाअखेर आहे आणि ३,००० रुपये अडकून पडलेत, चीड येणारच". त्याला त्याचं ऐकून घेतलेलं दिसतं आणि आपण न केलेली चूकही अंगावर घेत नाही. फक्त "आम्ही तुमच्या भावना समजू शकतो" असलं छापील वाक्य नको, त्याच्या मेसेजमधली त्याची स्वतःची गोष्ट उचलून लिहा.

वचनाचं प्रकरण माफीपेक्षा अवघड आहे, कारण ते आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे. खडे बाजारात उभं राहून कुणालाही विचारा, माल कधी येतोय, उत्तर एकच, "आज-उद्यात येतंय बघा". कन्नडमध्ये "नाळे बर्तैत्री". समोरासमोर ते चालतं कारण दोघांनाही माहीत असतं की हे वचन नव्हे, बोलायची पद्धत आहे. पण तेच मेसेजमध्ये लिहिलं की त्याचा स्क्रीनशॉट होतो, त्यावर तारीख असते, वेळ असते, आणि उद्या संध्याकाळी तो आपल्याच तोंडावर येतो.

म्हणून लिहायच्या आधी एवढंच विचारायचं, हे काम कुणाच्या हातात आहे. रिफंडचा पैसा तीन हातांतनं जातो. पहिला हात आपला, माल तपासायचा, रिफंड मंजूर करायचा, बटण दाबायचं आणि शिल्लक आहे की नाही बघायचं. दुसरा गेटवेचा आणि त्यांच्या बँकेचा. तिसरा गिऱ्हाइकाच्या बँकेचा, जी शेवटी खात्यात किंवा कार्डावर आकडा दाखवते. तारीख फक्त पहिल्या हाताची द्यायची. दुसऱ्या-तिसऱ्या हाताचं काय तर "सहसा इतके दिवस लागतात" एवढंच. कार्डाला सहसा ५ ते ७ कामाचे दिवस, आणि "कामाचे" हा शब्द गाळायचा नाही, कारण मध्ये दुसरा शनिवार-रविवार आला की माणूस सात दिवस मोजून आठव्या दिवशी भांडायला येतो. यूपीआयचा रिफंड बहुतेक लवकर येतो, पण लवकर येतो म्हणून "लगेच येईल" लिहायचं नाही.

इथं मराठीचं क्रियापद नीट बघा. "पैसे येतील" हे वाचणाऱ्याला वचन वाटतं. "पैसे सहसा पाच ते सात दिवसांत येतात" ही माहिती वाटते. क्रियापदात फरक दोन अक्षरांचा आहे पण भांडण त्या अक्षरांवर होतं. "नक्की", "लवकरात लवकर", "होऊन जाईल", "काळजी करू नका" हे चार आमच्याकडं रिफंडच्या उत्तरात बंद आहेत. "काळजी करू नका" का बंद, तर काळजी कमी करणारी माहिती दिली की माणूस आपणहून काळजी सोडतो, आणि ती दिली नाही तर ते वाक्य म्हणजे नुसतं "गप्प बसा" होतं. "शांत व्हा" तर कधीच नाही, ते लिहून आजपर्यंत कुणी शांत झालेलं मी बघितलेलं नाही.

ह्याच जागी एक चूक जाणती माणसं पण करतात. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, की यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातनं कापले गेले पण दुकानदाराला पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला पाहिजेत, आणि त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम ऐकून कुणीतरी उत्तरात लिहून टाकतो, "आरबीआयच्या नियमानुसार पाच दिवसांत येतील, नाहीतर रोज शंभर रुपये मिळतील". पण हा नियम फसलेल्या व्यवहाराचा आहे. काकूंचा व्यवहार फसलेला नव्हता, पैसे आम्हाला व्यवस्थित मिळालेले, साडी परत आली म्हणून आम्ही ते परत देतोय, ही वेगळी गोष्ट. चुकून लिहिलं तर आपण बँकेच्या वतीनं एक वचन देऊन बसतो जे बँकेनं कधी दिलेलंच नाही.

तर काकूंना मी काय लिहिलं. आधी फोन करून विचारायचं मनात आलं, पण चिडलेल्या माणसाला न विचारता फोन केला की तो अजून भडकतो, शिवाय नंतर वाचायला हातात काही राहत नाही, म्हणून लिहिलंच. लिहायच्या आधी गेटवेवर ऑर्डर उघडून तीन गोष्टी बघितल्या, रिफंड कुठल्या तारखेला खरोखर गेला, कशावर गेला, आणि त्याचा एआरएन नंबर आलाय काय. कार्डाच्या रिफंडला हा २३ आकडी नंबर मिळतो, तो दिला की बँकेला पैसे शोधता येतात. यूपीआयला १२ आकडी संदर्भ नंबर असतो, काम तेच. आणि बघताना दिसलं की पैसे भरलेले क्रेडिट कार्डावरनं. मग मी लिहिलं:

"नमस्कार काकू. तुम्ही मोरपंखी साडी मागवलेली, आम्ही बाटली हिरवी पाठवली, आणि वर ४ तारखेला २४ तासांत पैसे येतील असं चुकीचं सांगितलं. दोन्ही चुका आमच्या, माफ करा.

तुमचे २,४५० रुपये आमच्याकडून ७ तारखेला गेले आहेत, ४ ला नाही. ऑर्डर करताना ज्या क्रेडिट कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर ते परत जातात, तुमच्या बँकेच्या खात्यात दिसणार नाहीत. त्या कार्डाचे शेवटचे चार आकडे खाली दिलेत, घरात ते कार्ड कुणाचं आहे तेवढं बघा.

कार्डावर दिसायला सहसा ५ ते ७ कामाचे दिवस लागतात, म्हणजे १४ ते १६ तारीख. ते बँकेवर आहे, त्यामुळं दिवस मी ठरवून सांगू शकत नाही. एआरएन नंबर खाली आहे, तो बँकेला सांगितला की त्यांना शोधता येतं. १६ तारखेला दुपारी १२ ला मी स्वतः तुम्हाला मेसेज करतो, पैसे आलेले असोत नसोत."

ह्यात माफी एकदा आहे, पण चुका दोन्ही नाव घेऊन. वचन एकच आहे, १६ तारखेच्या मेसेजचं, आणि ते पाळायला मला कुणाची परवानगी लागत नाही. मालकांनी वाचून विचारलं की "असोत नसोत" कशाला लिहितोस, वाईट दिसतंय की. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं, कारण न येण्याचीही शक्यता आपण आधीच बोलून ठेवली की त्या दिवशी आपण खोटे पडत नाही.

पाऊण तासानं उत्तर आलं, "कार्ड मुलाचं आहे, तो पुण्याला असतो, मी माझं पासबुक भरून आणत होते रोज." पाच दिवस ती बाई बँकेत चकरा मारत होती, आणि आमची चार उत्तरं तिला सात वेळा सॉरी म्हणत होती. मला वाचून वाईट वाटलं. पण परत सॉरी लिहिलं नाही. लिहिलं एवढंच, की मुलाला कार्डाचं स्टेटमेंट बघायला सांगा, क्रेडिट कार्डावर रिफंड म्हणजे खात्यात पैसे पडत नाहीत, भरायची रक्कम तेवढी कमी होते. हे पण लोकांना माहीत नसतं, ते शिल्लक वाढायची वाट बघत बसतात. (कार्डाचं अजून एक, पैसे भरल्या दिवशीच ऑर्डर रद्द झाली तर कधी कधी मूळ खर्चाची नोंदच निघून जाते, वेगळी रिफंडची नोंद येत नाही. मग माणूस "रिफंड" शब्द शोधत राहतो.)

आता दोन-तीन गोष्टी ह्या प्रकरणात आल्या नाहीत पण येतात.

तक्रार सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलेली असली तर तिथं फक्त आपलं काय चुकलं आणि पुढचं कुठं बोलू एवढंच लिहायचं, ऑर्डर नंबर, फोन नंबर, कार्डाचे आकडे तिथं नाहीत. कारण अशा तक्रारीखाली "मी कस्टमर केअर, ह्या नंबरवर फोन करा" म्हणून चोर येऊन बसतात, माणूस चिडलेला आणि घाईत असतो, बरोबर जाळ्यात सापडतो. आम्ही उत्तरात एक ओळ कायम टाकतो, रिफंड घ्यायला यूपीआय पिन किंवा ओटीपी लागत नाही, कुणी मागितला तर तो आमचा माणूस नव्हे.

"ग्राहक कोर्टात जातो" असं कुणी लिहिलं की नवीन पोरं घाबरतात आणि घाबरून नको ते कबूल करतात. तो त्याचा हक्क आहे, तसंच लिहायचं, आणि आपल्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर द्यायचा. २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांत त्या अधिकाऱ्यानं तक्रार ४८ तासांत पोचली म्हणून कळवायची आणि एक महिन्यात निकाली काढायची असं आहे. त्यामुळं भीतीपोटी "आज संध्याकाळपर्यंत तोडगा काढतो" लिहायची गरजच नाही, तुमच्याकडं खरा मुदतीचा आकडा आहे, तो सांगा आणि त्याच्या आत काम करा.

आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा. फॉल-पिको करून, एकदा नेसून, परफ्यूमचा वास येणारी साडी परत आली, दोष काही नाही, रंग फोटोसारखाच, तर रिफंड नाही. हे लिहिताना माणसं इतकी मऊ होतात की "वरिष्ठांशी बोलून बघतो" लिहितात आणि चार दिवस समोरच्याला आशेवर ठेवतात. ते मला सगळ्यात निर्दयी वाटतं. पहिल्याच उत्तरात लिहा, ह्या साडीचा रिफंड करता येत नाही, कारण ती नेसलेली आहे, फोटो जोडलाय, तुम्हाला पटलं नाही तर तक्रार अधिकारी अमुक, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र माल सदोष असला किंवा दाखवला तसा नसला तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, तिथं "आमच्या पॉलिसीत बसत नाही" चालत नाही, म्हणून नाही लिहायच्या आधी साडी स्वतःच्या हातात घेऊन, उजेडात, फोटोशेजारी ठेवून बघा. मोरपंखी आणि बाटली हिरवा ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, आमची मूळ चूक तिथंच झालेली.

१६ तारखेला बारा वाजता मी काकूंना मेसेज केला. पैसे १४ लाच दिसले होते, मुलानं त्यांना कळवलं होतं, त्यांनी मला कळवलं नव्हतं. नसते दिसले तर काय लिहायचं तेही मी आदल्या रात्री लिहून ठेवलेलं, त्यात माफी नव्हती, कारण आमची नवीन चूक नव्हती: "काकू, सात कामाचे दिवस झाले, कार्डावर अजून दिसत नसेल तर मुलाला हा एआरएन देऊन बँकेत लेखी तक्रार करायला सांगा आणि तक्रार नंबर मला पाठवा. मी आजच आमच्या गेटवेकडं तक्रार टाकतोय, त्याचा नंबर संध्याकाळी ६ पर्यंत तुम्हाला देतो."